शिखर सरकलं, पण जाळी ताणली का?

मागे तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, की प्रकल्पाच्या अहवालात एक्सआरडीचा आलेख लावला तर त्याखाली लिहायचं काय? आज त्याबद्दलच बोलू या. नियमांची यादी देण्याऐवजी एक खरा अहवाल घेते आणि आपण तो सोबत वाचू.

काही दिवसांपूर्वी बडोद्याहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. एम.एस्सी.चं शेवटचं सत्र, आठवड्यावर आलेली तोंडी परीक्षा. तिने झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवले होते. झिंक ॲसिटेटच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालायचं, पांढरा साका धुऊन वाळवायचा आणि 400 अंश सेल्सिअसला भट्टीत तापवायचा, ही नेहमीची पद्धत. दुसऱ्या नमुन्यात तिने दर शंभर झिंक अणूंमागे दोन मँगनीजचे अणू घातले होते. दोन्ही पावडरींचे आलेख तिच्याकडे होते आणि अहवालात चार वाक्यं लिहून झाली होती. ती म्हणाली, "मॅडम, मार्गदर्शकांना हे पटत नाहीये. म्हणतात, मँगनीज आत गेलं हे तू कशावरून म्हणतेस? पण शिखर तर सरकलंय ना!"

तिचं एक वाक्य असं होतं: "मँगनीजमुळे सर्व शिखरं डावीकडे सरकली, म्हणजे मँगनीज झिंक ऑक्साइडच्या जाळीत शिरलं." दुसरं वाक्य होतं: "कणांचा आकार 21.9 नॅनोमीटर आला." तिच्या प्रबंधाचं शीर्षकच मँगनीजयुक्त झिंक ऑक्साइडवर होतं. पहिलं वाक्य गेलं असतं, तर तिच्या मते सगळंच गेलं असतं. म्हणून आपण ही दोन वाक्यं नीट तपासू.

आधी जागा

आलेखाच्या आडव्या अक्षावर 2θ हा कोन असतो आणि उभ्या अक्षावर डिटेक्टरपर्यंत पोचलेल्या एक्स-किरणांची तीव्रता. स्फटिकातले अणू थरांनी रचलेले असतात. लागोपाठच्या थरांवरून परतणारे किरण ठरावीक कोनातच एकमेकांना साथ देतात आणि तिथे शिखर उभं राहतं. हा कोन थरांमधल्या अंतरावर, म्हणजे d वर ठरतो. ब्रॅगचं समीकरण एवढंच सांगतं:

```
λ = 2 d sin θ
```

तांब्याच्या नळीतून येणाऱ्या किरणांची तरंगलांबी 1.5406 अँगस्ट्रॉम. तिच्या शुद्ध नमुन्याचं सगळ्यात उंच शिखर 36.25 अंशांवर होतं. हे 2θ आहे, म्हणून θ झाला 18.125 अंश आणि त्याचं साइन 0.3111. तरंगलांबीला याच्या दुपटीने भागलं की d येतो 2.476 अँगस्ट्रॉम. झिंक ऑक्साइडच्या प्रमाणित कार्डात (101) या थरांसमोर हाच आकडा आहे. त्या कार्डाचा क्रमांक 36-1451.

पण एका शिखराच्या जुळण्यावरून पदार्थ ठरत नाही. 36 अंशांच्या आसपास इतर संयुगांचीही शिखरं येतात. म्हणून अख्खी रांग जुळायला हवी. झिंक ऑक्साइडची पहिली तीन शिखरं जवळजवळ उभी असतात: 31.77 अंशांवर (100), 34.42 वर (002) आणि 36.25 वर (101). पुढे 47.54, 56.60, 62.86 आणि मग 66 ते 69 अंशांच्या दरम्यान तिघांचा गट. उंचीही बघायची. कार्डानुसार (101) ला शंभर धरलं तर (100) सुमारे 57 आणि (002) सुमारे 44 येतं. तुमच्या नमुन्यात (002) अवाजवी उंच असेल, तर पदार्थ दुसरा आहे असं लगेच समजू नका. कदाचित कण पत्र्यासारखे असतील आणि होल्डरमध्ये दाबताना एकाच बाजूला झोपले असतील.

तिच्या शुद्ध नमुन्यात रांग जुळत होती, उंची जुळत होती आणि एकही उपरं शिखर नव्हतं. इथपर्यंत तिचा अहवाल ठीक होता. फक्त तिने "नमुना शंभर टक्के शुद्ध आहे" असं लिहिलं होतं. ते मी खोडायला सांगितलं. वजनाने टक्का-दीड टक्का असलेला दुसरा पदार्थ साध्या मापनात पार्श्वभूमीच्या खरखरीत सहज लपतो. अस्फटिक पदार्थ असेल तर तो टोकदार शिखर देतच नाही. म्हणून "दुसऱ्या स्फटिकी पदार्थाचं शिखर आढळलं नाही" एवढंच म्हणता येतं. दोन्ही वाक्यं ऐकायला सारखी वाटतात, पण परीक्षक पहिल्यावर प्रश्न विचारतो आणि दुसऱ्यावर मान हलवतो.

सरकलं कशामुळे?

आता मँगनीजचा नमुना. झिंकच्या जागी बसणारा मँगनीजचा आयन झिंकपेक्षा थोडा मोठा असतो. तो आत शिरला तर थरांमधलं अंतर वाढेल, d वाढला की कोन कमी होईल आणि शिखर डावीकडे सरकेल. तर्क बरोबर आहे. तिच्या आलेखात शिखरं डावीकडेच सरकली होती. म्हणजे जे अपेक्षित होतं तेच दिसलं. आणि नेमक्या अशाच वेळी माणूस तपासणं थांबवतो.

मी तिला म्हटलं, "पहिलं शिखर किती सरकलं आणि शेवटचं किती, ते वाचून दाखव."

ती म्हणाली, "31.77 चं 31.71 झालं. म्हणजे 0.06. आणि शेवटचं, 69.10 चं, 69.05. म्हणजे 0.05."

उत्तर या दोन आकड्यांतच होतं. जाळी खरोखर ताणली असेल, तर शिखराचं सरकणं θ च्या टॅन्जंटच्या प्रमाणात असतं. म्हणजे उजवीकडची शिखरं डावीकडच्यांपेक्षा जास्त सरकायला हवीत. 31.77 साठी θ सुमारे 15.9 अंश आणि टॅन्जंट 0.285. 69.10 साठी θ सुमारे 34.6 अंश आणि टॅन्जंट 0.689. गुणोत्तर जवळजवळ 2.4. जाळी सगळ्या दिशांना सारखी ताणली असं धरलं, तर पहिलं शिखर 0.06 ने सरकताना शेवटचं जवळजवळ 0.145 ने सरकायला हवं होतं. ते सापडलं असतं 68.95 च्या आसपास. तिचं शेवटचं शिखर मात्र पहिल्यापेक्षाही थोडं कमी सरकलं होतं.

मग सरकवलं कशाने? होल्डरमधल्या पावडरीच्या पातळीने. नेहमीच्या पावडर-यंत्रात नमुन्याचा पृष्ठभाग ठरलेल्या प्रतलातच असावा लागतो. पावडर कमी पडली किंवा काचपट्टीने जास्त दाबली गेली की पृष्ठभाग खाली बसतो आणि सगळी शिखरं डावीकडे जातात. पावडर होल्डरच्या काठावर उंच राहिली तर उजवीकडे. हे सरकणं θ च्या कोसाइनच्या प्रमाणात असतं. कोसाइन कोनाबरोबर हळूहळू कमी होतो, म्हणून सगळी शिखरं जवळपास सारखीच सरकतात आणि उजवीकडची थोडी कमी.

आकडे घालून पाहू. तिच्या यंत्राची त्रिज्या 200 मिलिमीटर होती. पृष्ठभाग 0.11 मिलिमीटर खाली असेल, तर पहिलं शिखर 0.06 अंश आणि शेवटचं 0.05 अंश सरकतं. हुबेहूब तिचे आकडे. 0.11 मिलिमीटर म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढं. तिचा सगळा निष्कर्ष त्या एका कागदावर उभा होता.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दुसरी पावडर कमीच होती, मॅडम. होल्डर जेमतेम भरला होता."

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. नमुन्यातच थोडी सिलिकॉनची पावडर मिसळायची. सिलिकॉनचं पहिलं शिखर 28.44 अंशांवर येतं आणि झिंक ऑक्साइडच्या शिखरांपासून ते मोकळं असतं. पातळी चुकली तर सिलिकॉनही तितकंच सरकेल. जाळी ताणली असेल तर सिलिकॉन जागेवर राहील आणि फक्त झिंक ऑक्साइड सरकेल. मात्र सिलिकॉनची पुढची काही शिखरं, विशेषतः 69.13 चं, झिंक ऑक्साइडच्या शिखरांवर चढतात. म्हणून तुलनेसाठी पहिलंच वापरायचं.

प्रयोगशाळेत तिची वेळ उरली होती. तिने सिलिकॉन मिसळून मँगनीजचा नमुना पुन्हा लावला. या वेळी पावडर किंचित वर राहिली असावी, कारण सिलिकॉन 28.46 वर आलं आणि झिंक ऑक्साइडचं पहिलं शिखर 31.79 वर. दोन्ही 0.02 ने पुढे. इतक्या लहान अंतरात कोसाइन फारसा बदलत नाही, म्हणून 0.02 वजा केलं की उरतं 31.77. शुद्ध नमुन्याचं तेच. मोजता येण्याजोगा बदल नव्हता.

याचा अर्थ मँगनीज आत गेलंच नाही असाही होत नाही. दोन टक्के मँगनीजने होणारा बदल मुळातच लहान असतो आणि या मापनाला तो पकडता आला नाही, एवढंच. ते वेगळं ऑक्साइड बनून थोड्या प्रमाणात बाहेर बसलं असेल, तरी आलेखात दिसलं नसतं. मँगनीज कुठे बसलं हे एक्सआरडीने या प्रमाणात ठरत नाही. त्याला दुसरी तपासणी लागते.

आता रुंदी

दुसरं वाक्य आकाराचं. स्फटिक लहान असेल तर शिखर पसरतं. मोठ्या स्फटिकात हजारो थर असतात आणि चुकीच्या कोनातले किरण ते एकमेकांत पूर्ण मारून टाकतात. लहान स्फटिकात थर कमी, त्यामुळे हे मारून टाकणं अपुरं राहतं आणि शिखराच्या पायथ्याशी किरण गळत राहतात. पॉल शेरर यांनी 1918 मध्ये या पसरण्यावरून आकार काढण्याचं सूत्र दिलं:

```
D = K λ / (β cos θ)
```

K साधारण 0.9, λ नॅनोमीटरमध्ये 0.15406 आणि β म्हणजे शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी. सूत्र लहान आहे, पण त्यात तीन खड्डे आहेत आणि ती त्यांपैकी दोनांत पडली होती.

पहिला खड्डा ती चुकवून गेली होती. β रेडियनमध्ये घालायची असते. तिच्या शुद्ध नमुन्यात (101) शिखराची रुंदी 0.45 अंश होती. ती अंशातच घातली तर D येतो 0.32 नॅनोमीटर. झिंक ऑक्साइडचा एकक-कोश एका बाजूने 0.52 नॅनोमीटर असतो. एका खोलीपेक्षा लहान घर असू शकत नाही, म्हणून ही चूक लगेच दिसते.

दुसरा खड्डा दिसत नाही. कोसाइन θ चा घ्यायचा असतो, पण आलेखावर 2θ असतो. तिने 36.25 चाच कोसाइन घेतला, 0.806. घ्यायला हवा होता 18.125 चा, 0.950. त्यामुळे उत्तर 21.9 आलं. ऐकायला अगदी ठीक, म्हणून कोणी अडवत नाही. कोन बरोबर घातला तर त्याच रुंदीवरून 18.6 येतात.

तिसरा खड्डा यंत्राचा. शिखराची सगळी रुंदी तुमच्या स्फटिकाची नसते. यंत्राच्या फटी, किरणांची जाडी, दोन जवळच्या तरंगलांबी हेही त्यात भर घालतात. यंत्राची स्वतःची रुंदी मोजण्यासाठी मोठे, निर्दोष स्फटिक असलेला प्रमाणित नमुना लावतात. लॅन्थॅनम हेक्साबोराइड त्यासाठी नेहमी वापरतात. त्याचं 37.44 अंशांवरचं शिखर आपल्या शिखराच्या शेजारीच आहे. तिच्या यंत्रावर, दुसरी तरंगलांबी सॉफ्टवेअरने काढून टाकल्यावर, त्याची रुंदी 0.10 अंश होती.

ही वजाबाकी सरळ करायची की वर्गांची, हे शिखराच्या आकारावर ठरतं. घंटेसारखं गॉसियन शिखर असेल तर वर्गांची: 0.45 च्या वर्गातून 0.10 चा वर्ग वजा करून वर्गमूळ. येतात 0.439 अंश, म्हणजे 0.00766 रेडियन, आणि D होतो 19 नॅनोमीटर. लांब शेपट्यांचं लोरेन्ट्झियन शिखर असेल तर सरळ वजाबाकी: 0.35 अंश, आणि D होतो सुमारे 24. नमुना एक, शिखर एक, आणि तरी पाच नॅनोमीटरचा फरक! म्हणून वजाबाकी कशी केली हे अहवालात न लिहिता नुसता आकडा दिला, तर वाचणाऱ्याला त्या आकड्याचं काहीच करता येत नाही. आणि दशांशानंतरचा अंक देणं तर निव्वळ दिखावा.

तिच्या शिखरांचा आकार गॉसियनच्या जवळचा होता, म्हणून आम्ही वर्गांची रीत धरली. मग (100) आणि (002) वरूनही आकार काढला. ते आले 20 आणि 21. तिन्ही जवळजवळ आहेत, म्हणजे स्फटिक एका दिशेने फार लांबलेला दिसत नाही. (002) वरून आकार खूप मोठा आला असता, तर कांडीची शंका घ्यावी लागली असती. आणि कोन वाढत जाईल तसा D सतत घटत गेला असता, तर रुंदीत जाळीच्या अंतर्गत ताणाचा वाटा आहे असं समजून वेगळी मांडणी करावी लागली असती. शेररच्या सूत्रात ताण शून्य धरलेला असतो, हे लक्षात असू द्या.

शेवटची गोष्ट शब्दाची. तिने लिहिलं होतं "कणांचा आकार". एक्सआरडी कण मोजत नाही. सलग, एकाच रचनेचा तुकडा जिथवर टिकतो तेवढी लांबी ते मोजतं. त्याला क्रिस्टलाइट म्हणतात. तिच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात कण 60 ते 80 नॅनोमीटरचे दिसत होते आणि हे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून ती घाबरली होती. पण जुळायची गरजच नाही. राजगिऱ्याच्या लाडवाचा आकार वेगळा आणि त्यातल्या दाण्याचा वेगळा. एका कणात अनेक क्रिस्टलाइट चिकटलेले असतात. उलट, क्रिस्टलाइट कणापेक्षा मोठा आला असता तर काळजी करायला हवी होती.

शेवटी लिहिलं काय

फोन ठेवण्याआधी आम्ही तिचा परिच्छेद पुन्हा लिहिला. तो असा झाला:

"दोन्ही नमुन्यांची सर्व शिखरं षट्कोनी वुर्ट्झाइट झिंक ऑक्साइडच्या कार्ड 36-1451 शी जुळतात. दुसऱ्या स्फटिकी पदार्थाचं शिखर आढळलं नाही. पहिल्या मापनात मँगनीजच्या नमुन्याची शिखरं 0.05 ते 0.06 अंशांनी डावीकडे होती, पण हे सरकणं कोनाबरोबर वाढत नव्हतं. सिलिकॉन मिसळून पुन्हा मोजल्यावर ते उरलं नाही, म्हणून ते नमुन्याच्या पातळीमुळे होतं असं आम्ही मानतो. या मापनाच्या अचूकतेत जाळीच्या मापांत बदल दिसला नाही. शुद्ध नमुन्यात शेररच्या सूत्राने, K 0.9 धरून आणि यंत्राची रुंदी वर्गांच्या रीतीने वजा करून, (100), (002) आणि (101) या शिखरांवरून क्रिस्टलाइटचा सरासरी आकार सुमारे 20 नॅनोमीटर आला."

ती म्हणाली, "मॅडम, यात माझा निष्कर्षच गेला."

मी म्हटलं, "निष्कर्ष गेला, पण मापन तुझं झालं. आता मार्गदर्शकांनी कशावरून असं विचारलं, तर तुझ्याकडे सांगायला आहे."

प्रबंधाचं शीर्षक तिने बदललं नाही. मँगनीज घातलं होतं, ते खरंच होतं. फक्त ते कुठे बसलं या प्रश्नाला तिने पुढच्या कामाच्या प्रकरणात जागा दिली.

तुमच्याकडे असा सरकलेला आलेख असेल, तर आज एवढं करून बघा. पहिल्या आणि शेवटच्या शिखराचं सरकणं कागदावर शेजारी शेजारी लिहा. शेवटचं दुपटीपेक्षा जास्त सरकलं असेल तर जाळीकडे बघा. दोन्ही सारखी सरकली असतील तर आधी होल्डरकडे बघा. पुढच्या भागात याच नमुन्याच्या सूक्ष्मदर्शक-चित्रावर कण कसे मोजायचे ते पाहू. भेटू या.